तिकीट ‘मूळ किमतीत’ म्हणजे नक्की कितीला? पुनर्विक्रीचा भाव तपासण्याचा हिशेब

पुण्यात एखादा मोठा संगीताचा कार्यक्रम जाहीर झाला, की त्याची तिकिटे बघता बघता संपतात आणि दोन-चार दिवसांत जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो: ‘दोन तिकिटे आहेत, आम्हाला जायला जमत नाही, मूळ किमतीत देतो.’ सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला आली, तेव्हा अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत दर असलेली तिकिटे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावात दिसू लागली आणि तिकिटांचा काळा बाजार हा विषय घराघरात पोचला. लाखांचा भाव पाहून कोणीही सावध होतो. फसगत होते ती हजार-दीड हजारांच्या फरकात, कारण तिथे मागितलेली रक्कम पटण्यासारखी असते आणि सोबत ‘बुकिंग फी धरून’, ‘जीएसटी धरून’ अशी पुस्ती जोडलेली असते.

‘मूळ किंमत’ म्हणताना विकणाऱ्याच्या मनात तिकिटावर छापलेला दर असू शकतो, त्यावर कर धरलेली रक्कम असू शकते, बुकिंग फीसह त्याच्या खात्यातून गेलेली रक्कम असू शकते किंवा आयोजकाने आज वाढवून ठेवलेला दरही असू शकतो. एकाच तिकिटाचे हे चार आकडे एकमेकांपासून बरेच दूर असतात. म्हणून भाव महाग की स्वस्त हे ठरवण्याआधी तो कोणत्या आकड्याशी ताडून पाहायचा, हे पक्के करावे लागते.

तिकिटाची रक्कम कशी बनते?

दर्शनी किंमत म्हणजे आयोजकाने किंवा चित्रपटगृहाने त्या आसनासाठी ठरवलेला दर. त्यावर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी लागतो. तो कधी दर्शनी किमतीतच धरलेला असतो, तर कधी वेगळा दाखवला जातो. ऑनलाइन तिकीट काढले तर तिसरा घटक येतो तो बुकिंग फीचा. संकेतस्थळ किंवा अ‍ॅप चालवणारी कंपनी आपल्या सेवेबद्दल ही रक्कम घेते. अ‍ॅपवर तिला ‘कन्व्हिनियन्स फी’ म्हणतात. या फीवर पुन्हा स्वतंत्र १८ टक्के जीएसटी असतो. ही फी बहुतेक वेळा दर तिकिटामागे लागते, त्यामुळे चार तिकिटे एकाच वेळी काढली तरी ती चारदा मोजली जाते.

बुकिंग फीचे स्वरूप समजायला एक घरगुती उदाहरण घेऊ. शेजाऱ्याने सोलापुरी चादर ऑनलाइन मागवली, घरपोच आणण्याचे पन्नास रुपये वेगळे दिले आणि चादर न वापरता तुम्हाला विकायला काढली. ते पन्नास रुपये त्याने खरोखरच मोजले आहेत, हे खरे. पण चादरीची किंमत त्यामुळे पन्नासने वाढली नाही, आणि तीच चादर तुम्हाला दुकानात जाऊन आणणे शक्य असेल तर ते पन्नास रुपये तुम्हाला द्यावे लागणारच नव्हते. बुकिंग फीचेही असेच आहे. ती विकणाऱ्याच्या खर्चात नक्की धरावी, मात्र दर्शनी किमतीत मिसळू नये.

कर आत आहे की बाहेर?

विकणाऱ्याच्या हिशेबातली सर्वांत सोपी चूक, आणि काही वेळा सर्वांत सोपी लबाडी, कराच्या जागी असते. चित्रपटगृहाच्या तिकिटाचा जो दर आपण आसन निवडताना पाहतो, त्यात जीएसटी सहसा धरलेलाच असतो. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे (आधी तो १२ टक्के होता) आणि शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के. २२० रुपयांच्या तिकिटात साधारण १८६ रुपये ४४ पैसे चित्रपटगृहाचे आणि ३३ रुपये ५६ पैसे कराचे असतात. हे तिकीट विकताना कोणी ‘२२० अधिक जीएसटी’ असे म्हणत असेल, तर तो एकच कर दोनदा वसूल करतो आहे.

नाटकाचे गणित त्याहून वेगळे आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. नाटक, नृत्य, सर्कस, संगीताची मैफल यांच्या प्रवेशाचा दर माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात लागलेल्या नाटकाचे ३०० किंवा ४०० रुपयांचे तिकीट ‘कर धरून साडेचारशेला पडले’ असे कोणी सांगू लागला, तर त्या बोलण्यातच खोट आहे. ऑनलाइन काढले असल्यास फी आणि फीवरचा कर त्याने दिला असेल; तिकिटावर कर दिलेला नाही. खिडकीवर काढले असल्यास ३०० म्हणजे ३००च.

पाचशेच्या वरच्या मैफलीच्या तिकिटावर १८ टक्के कर आहे आणि खरा घोळ होतो तो इथे. काही आयोजक दर करासह जाहीर करतात, तर काही कराशिवाय. जाहिरातीत २,५०० रुपये असा आकडा असेल आणि शेवटच्या पानावर कर वेगळा लागत असेल, तर २,५०० वर ४५० रुपये चढून तिकीट २,९५० चे होते. म्हणून जाहिरातीतला दर मूळ धरण्याऐवजी पैसे भरण्याच्या पानावरची फोड पाहावी. आयपीएलच्या सामन्यांना तर सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलानंतर ४० टक्के कर आहे. तिथे करपूर्व दर आणि करासह दर यांत इतकी तफावत पडते, की कोणता आकडा समोर आहे हे न विचारता भावाची बोलणीच करता येत नाही.

विकणाऱ्याला फी खरोखर किती लागली, हे कसे कळेल?

अधिकृत विक्री चालू असेल तर हे काम दोन-तीन मिनिटांचे आहे. ज्या अ‍ॅपवर तिकिटे मिळतात तिथे तोच कार्यक्रम, तोच दिवस आणि तोच वर्ग निवडावा, तितकीच तिकिटे घ्यावीत आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जावे. तिथे तिकिटांची रक्कम, बुकिंग फी आणि फीवरचा कर या तीन ओळी वेगवेगळ्या दिसतात. काही ठिकाणी फीच्या आकड्यावर बोट ठेवले की तिची फोड उघडते. पैसे न भरता मागे फिरता येते. या एका कृतीत दोन गोष्टी कळतात: आज नवे तिकीट कितीला पडते आणि मुळात ते अजून मिळते का. पुनर्विक्रीच्या कितीतरी जाहिराती अधिकृत तिकिटे शिल्लक असतानाच फिरत असतात. चित्रपटाच्या बाबतीत तर आसनांचा नकाशा पाहणे पुरेसे आहे. त्याच रांगेत मोकळ्या खुर्च्या दिसत असतील, तर खिडकीवरच्या दरापेक्षा एक रुपयाही जास्त देण्याचे कारण उरत नाही.

तिकिटे संपली असतील तर फीचा अंदाज बांधावा लागतो. चित्रपटासाठी त्याच चित्रपटगृहाचा, त्याच वर्गाचा दुसरा खेळ उघडून फी पाहावी. ती सहसा जुळते. मोठ्या कार्यक्रमांत महागड्या वर्गाला फीही जास्त असू शकते, त्यामुळे दुसऱ्या वर्गावरून केलेला अंदाज चुकण्याचा संभव असतो. अशा वेळी विकणाऱ्याकडे बुकिंगनंतर ईमेलवर आलेले पूर्ण पत्र मागावे, ज्यात रकमेची फोड असते. बुकिंग क्रमांक आणि क्यूआर कोड झाकून पाठवायला त्याची हरकत असू नये, उलट त्याने ते झाकावेच. पण रकमेच्या ओळी झाकून फक्त खालचा एकूण आकडा दाखवला असेल, तर तो आकडा हिशेबात धरू नये. तो का धरू नये, हे पुढच्या उदाहरणावरून कळेल.

एका स्क्रीनशॉटची फोड

आकडे मानलेले आहेत, पण रचना रोज पाहायला मिळते तीच. पुण्यातल्या एका मैफलीची दोन तिकिटे होटगी रोडवरच्या एका गृहस्थांनी काढली होती. त्यांना जाणे जमत नाही. त्यांनी गटावर ७,७५३ रुपये भरल्याचा स्क्रीनशॉट टाकला आणि लिहिले, ‘मला एवढे पडले, तुम्ही ७,७०० द्या.’ म्हणजे वरवर पाहता ते स्वतः ५३ रुपयांचा तोटा सोसायला तयार आहेत.

फोड मागवल्यावर चित्र असे दिसले. तिकिटाचा जाहीर दर २,५०० रुपये, त्यावर १८ टक्के कर ४५०, म्हणजे २,९५०. बुकिंग फी तिकिटामागे १५० आणि तिच्यावरचा कर २७, म्हणजे १७७. एका तिकिटाचे झाले ३,१२७ आणि दोनचे ६,२५४. उरलेले १,४९९ रुपये कुठून आले? त्यांतले ५०० वाहनतळाच्या पासचे आणि ९९९ खाद्यपदार्थांच्या कुपनाचे होते. तिकिटे काढताना अ‍ॅपने हे दोन्ही पुढे केले आणि त्यांनी घेतले. यात गैर काहीच नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा ते दोन्ही एकूण आकड्यात राहतात आणि खरेदीदाराच्या हाती फक्त तिकिटे पडतात.

वाहनतळाचा पास आणि कुपन मिळणार असेल आणि तुम्हाला त्यांचा उपयोग असेल, तर ७,७०० हा खरोखरच रास्त भाव आहे. पण सोलापूरहून रेल्वेने किंवा एसटीने जाणाऱ्या माणसाला वाहनतळाचा पास कशाला लागेल? नुसत्या तिकिटांचा विचार केला, तर मागणी खर्चापेक्षा १,४४६ रुपयांनी, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आहे. जाहीर दराशी, म्हणजे दोन तिकिटांच्या ५,००० रुपयांशी तुलना केली तर ती ५४ टक्क्यांनी जास्त दिसते. पण ही दुसरी तुलना विकणाऱ्यावर अन्याय करणारी आहे, कारण कर आणि फी त्याने खरोखर भरली आहे. खरेदीदारानेही चुकीचा पाया धरून ‘दीडपट मागतो’ असा गवगवा करू नये, असे मला वाटते. योग्य पाया ६,२५४ चा.

‘मी दिले तेवढेच मागतो आहे’

या वाक्याचा अर्थ नीट लावायचा झाला तर सवलतींचा प्रश्न येतोच. बँकेच्या कार्डावर एकावर एक तिकीट मोफत, ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मी सूट, नंतर खात्यात परत येणारी रक्कम, असे प्रकार चित्रपटांच्या तिकिटांवर नेहमीचे आहेत. २२० रुपयांची दोन तिकिटे ४४० ची. तिकिटामागे ३० रुपये फी आणि तिच्यावर ५ रुपये ४० पैसे कर धरला तर दोन तिकिटांवर ७० रुपये ८० पैसे. एकूण ५१० रुपये ८० पैसे. त्यावर कार्डाची १५० रुपयांची सूट मिळाली असेल तर प्रत्यक्षात गेले ३६० रुपये ८० पैसे. आता तो ही दोन तिकिटे ५०० रुपयांना देतो म्हणाला, तर तो नफेखोर ठरतो का?

माझे मत असे, की हे त्याने काय म्हटले यावर अवलंबून आहे. ‘मूळ दर अधिक फी’ असे म्हटले असेल तर ५१० पर्यंतची मागणी प्रामाणिक आहे. कार्ड त्याचे, त्याचे वार्षिक शुल्क तो भरतो, सवलत त्याची. पण ‘मी दिले तेवढेच’ असे म्हटले असेल तर सवलत वजा व्हायला हवी, आणि तसे त्याला स्पष्ट विचारता येते. परत मिळालेली रक्कम स्क्रीनशॉटवर दिसत नाही, कारण ती नंतर जमा होते. त्यामुळे तिथे शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे उपाय नसतो.

चित्रपटाच्या तिकिटाला आणखी एक वरची मर्यादा आहे. खिडकीवर फी लागत नाही. ज्याचे घर चित्रपटगृहापासून दहा मिनिटांवर आहे आणि खेळ भरलेला नाही, त्याच्यासाठी त्या दोन तिकिटांचे मोल ४४० च्या वर जातच नाही, मग विकणाऱ्याला ती कितीलाही पडलेली असोत. काही चित्रपटगृहांची तिकिटे खेळाच्या काही तास आधीपर्यंत रद्द करता येतात. त्यात तिकिटाची रक्कम पूर्ण किंवा काही प्रमाणात परत मिळते, फी मात्र सहसा बुडते. तशी सोय असेल तर विकणाऱ्याकडे पर्याय आहे, आणि तुम्ही देऊ केलेला भाव त्याला परत मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असला की त्याचाही फायदाच आहे. रद्द करण्याची मुदत टळून गेली, की मग बोलणी तुमच्या बाजूने झुकतात. साडेनऊच्या खेळाचे तिकीट पावणेदहाला कोणाच्याच कामाचे नसते.

सोलापूरकराला हे वळण पुण्यातल्या कार्यक्रमांसाठी मात्र वापरता येत नाही. पुण्यात राहणारा माणूस कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत थांबून भाव उतरण्याची वाट पाहू शकतो. आपल्याला अडीचशे किलोमीटरचा प्रवास आधी ठरवावा लागतो. सकाळी इथून गेलेली हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी पुण्याहून परत निघते तेव्हा कार्यक्रम सुरूसुद्धा झालेला नसतो, म्हणजे रात्रीच्या गाडीचे आरक्षण किंवा मुक्काम आलाच. विकणाऱ्याला हे माहीत असते. म्हणून प्रवासाचे आरक्षण झाल्याचे बोलण्याच्या ओघात सांगून टाकू नये.

पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर पैसा कुठे जातो?

व्यक्तीकडून थेट घेण्याऐवजी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून घेतले तर हिशेबात तिसरा भागीदार येतो. अशी संकेतस्थळे बहुधा दोन्हीकडून पैसे घेतात: खरेदीदाराकडून सेवाशुल्क आणि विक्रेत्याकडून कमिशन. टक्केवारी ठिकाणानुसार आणि कार्यक्रमानुसार बदलते. समजण्यासाठी खरेदीदाराकडून २० आणि विक्रेत्याकडून १५ टक्के मानू.

तेच ३,१२७ रुपयांना पडलेले तिकीट विक्रेत्याने ४,२०० ला मांडले आहे. शेवटच्या पानावर त्यात ८४० रुपये शुल्क मिळून तुमच्याकडून ५,०४० जातात. विक्रेत्याच्या हाती ४,२०० मधून ६३० वजा होऊन ३,५७० पडतात. म्हणजे त्याचा नफा ४४३ रुपयांचा आणि संकेतस्थळाची मिळकत १,४७० रुपयांची. तुम्ही खर्चापेक्षा १,९१३ रुपये जास्त मोजले, त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग मध्यस्थाकडे गेला. आपण नावे ठेवतो तिकीट विकणाऱ्याला.

त्यामुळे यादीत दिसणारा भाव हा तुलनेचा आकडा धरू नये. यादीतला ४,२०० आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा ३,८५० हे शेजारी ठेवले तर फरक ३५० चा दिसतो. शेवटच्या पानावरचा ५,०४० घेतला तर तो ११९० चा होतो. संकेतस्थळ परदेशी असेल तर भाव परकीय चलनात असू शकतो आणि कार्डावर चलनबदलाचे शुल्क वेगळे लागू शकते. शिवाय काही ठिकाणी विक्रेत्याच्या हाती तिकीट नसतानाही ते मांडता येते: आधी गिऱ्हाईक गाठायचे आणि मग तिकीट मिळवायचे. आसनाचा किंवा रांगेचा तपशील नसणे आणि अधिकृत विक्री सुरू होण्याआधीच तिकिटे ‘उपलब्ध’ दिसणे, ही त्याची ओळखण्यासारखी चिन्हे.

‘मागणी जास्त, तर भाव जास्त. यात वावगे काय?’

हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कारण आवेष्टित मालासाठी तसा कायदा आहे. तिकीट हा आवेष्टित माल नव्हे. ऑनलाइन पुनर्विक्रीला आळा घालणारी नियमावली हवी, अशी मागणी करणारी जनहित याचिका कोल्डप्लेच्या प्रकरणानंतर मुंबई उच्च न्यायालयात आली होती; हा धोरणाचा विषय आहे, असे सांगून न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली. मात्र बहुतेक मोठ्या कार्यक्रमांच्या अटींमध्ये नफा घेऊन पुनर्विक्री करायला मनाई असते आणि तसे आढळले तर तिकीट रद्द करण्याचा हक्क आयोजक राखून ठेवतो. तेव्हा जास्त भाव देणाऱ्याने आपण तिकिटासोबत हा धोकाही विकत घेतो आहोत, हे धरून चालावे. दुप्पट किमतीला घेतलेले तिकीट दारावर नाकारले जाऊ शकते आणि मूळ किमतीला दिलेल्या तिकिटापेक्षा त्याच्यावर नजर जाण्याचा संभव अधिक असतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: बुकिंग फी मुळातच बेकायदा आहे, मग ती मी विकणाऱ्याला का भरून द्यावी? हा समज जुन्या बातम्यांवर पोसलेला आहे. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर अशी फी घ्यायला मनाई केली होती. त्या आदेशांना २०१४ मध्येच स्थगिती मिळाली आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. फी घेता येते. तिची रक्कम शेवटपर्यंत लपवून ठेवणे हा मात्र निराळा मुद्दा आहे. ग्राहकाला आधी कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरताना एकेक शुल्क चढवत न्यायचे, या प्रकाराचा समावेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील तेरा फसव्या क्लृप्त्यांमध्ये केला आहे. न विचारता टोपलीत काही घुसवणेही त्याच यादीत आहे. असा अनुभव अ‍ॅपवर आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. शेजाऱ्याने चढ्या भावात तिकीट मागितले, यासाठी ती वाट नाही.

‘आज आयोजकाकडेच ३,५०० चा दर आहे, मी ३,३०० ला देतो, मग महाग कसे?’ असेही विचारले जाते. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे टप्प्याटप्प्याने वाढत्या दरात विकली जातात, त्यामुळे पहिल्या टप्प्यात घेणाऱ्याला हे म्हणता येते. अधिकृत तिकीट त्या दराला खरोखर मिळत असेल, तर तुमचे काही रुपये वाचतात, पण त्याचा नफाही होतो. ते मला गैर वाटत नाही; फक्त त्याला ‘मूळ किमतीत’ म्हणू नये. फरक शे-दोनशेचाच असेल तर मी तरी अधिकृत तिकीट घेईन. कारण पुढे आहे.

कार्यक्रम रद्द झाला तर?

पुनर्विक्रीच्या तिकिटाचा भाव ठरवताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कार्यक्रम रद्द झाला, की परतावा ज्या खात्यातून मूळ पैसे गेले त्याच खात्यात जमा होतो. म्हणजे पैसे विकणाऱ्याला मिळतात, तुम्हाला नाही. शिवाय ती रक्कम मूळ खरेदीची असते. ३,१२७ चे तिकीट तुम्ही थेट ३,८५० ला घेतले असेल, तर विकणारा कितीही सज्जन असला तरी त्याच्याकडे परत येणार ३,१२७, आणि बुकिंग फी परत न करण्याचे धोरण असेल तर २,९५० च. वरचे ९०० रुपये त्याने पदरचे घालून द्यावेत, अशी अपेक्षा धरायची असेल तर ते आधीच बोलून घ्यावे लागते. भाव ठरवतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कार्यक्रम रद्द झाल्यास जमा झालेला परतावा मी तुम्हाला पाठवीन’ एवढे एक वाक्य त्याच्याकडून लिहून घ्यावे; पुढे वाद झाला तर दाखवायला काहीतरी हाती राहते.

तारीख पुढे ढकलली गेली तर तिकीट बहुधा नव्या तारखेला चालते, पण परतावा हवा असल्यास त्यासाठीची विनंती मूळ बुकिंग करणाऱ्यालाच त्याच्या खात्यातून, दिलेल्या मुदतीत करावी लागते. त्या सूचनेचा ईमेलही त्यालाच येतो.

अ‍ॅपमध्ये तिकीट दुसऱ्याच्या नावे पाठवण्याची सोय असेल, तर पैसे देण्याआधी ते आपल्या खात्यात घ्यावे, नाही तर एकाच वेळी दोन्ही व्यवहार करावेत. नुसत्या क्यूआर कोडच्या चित्रावर पैसे देऊ नयेत, कारण तेच चित्र चौघांना विकता येते आणि दारावर पहिल्याला प्रवेश मिळतो. खर्चापेक्षा फारच कमी भाव मागणाऱ्याबाबत हा संशय आधी घ्यावा. ज्याला ६,२५४ रुपये पडले आहेत, तो कार्यक्रमाला पंधरा दिवस असताना दोन्ही तिकिटे ३,००० ला का देईल, याचे पटेल असे उत्तर त्याच्याकडे असायला हवे. हातावर बांधायची पट्टी किंवा छापील तिकीट केंद्रावरून घ्यायचे असेल, तर तिथे बहुधा बुकिंग करणाऱ्याचे ओळखपत्र मागतात. मग ती तिकिटे घेण्यासाठी पुण्याला कोण जाणार आणि त्या खेपेचे भाडे कोणाच्या हिशेबात जाणार, हेही भावाच्या बोलण्यातच मिटवून घ्यावे.